भाडेकरारावर कंपनीचे नाव

पुण्या-मुंबईतल्या लहान कंपन्यांची सुरुवात बहुधा एकाच क्रमाने होते. आधी जागा मिळते, मग कंपनी नोंदवली जाते. जागा हातची जाऊ नये म्हणून भागीदारांपैकी एक जण आपल्या नावावर करार करून टाकतो, डिपॉझिट आपल्या खात्यातून भरतो, आणि 'कंपनी झाली की नाव बदलून घेऊ' असे सगळ्यांचे ठरते. कंपनी होते, माणसे कामाला लागतात, दारावर पाटी चढते. करारावर मात्र त्या एकट्याचेच नाव राहते. वर्षभराने सीए फाईल चाळताना विचारतात, "हे भाडं नक्की कोण भरतंय?" तेव्हा कुठे जागामालकाला पत्र लिहायची वेळ येते.

हे पत्र साधे वाटते, म्हणून ते दोन ओळींत उरकले जाते: 'करारावरील नाव बदलून कंपनीचे करावे ही विनंती.' वीजबिलावरचे नाव बदलायचा अर्ज असतो तसे. अडचण इथूनच सुरू होते, कारण कायद्याच्या नजरेत यात बदलण्यासारखे नाव नसतेच. एक करार संपवायचा असतो आणि दुसऱ्याच पक्षाशी नवा करायचा असतो.

आपल्याकडे कार्यालयाची जागा सहसा 'लीव्ह अँड लायसन्स'वर घेतली जाते. यात जागेवर कोणताही हक्क मिळत नाही. मालक ठरावीक मुदतीसाठी ती वापरायची परवानगी देतो, तेवढेच. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात या परवानगीची व्याख्या आहे, आणि त्याच कायद्याचे ५६ वे कलम सांगते की असा परवाना घेणाऱ्याला तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आपल्या नोकर-प्रतिनिधींमार्फतही वापरता येत नाही. करारात वेगळे लिहिले असेल तर गोष्ट निराळी. कायद्याने एक अपवाद मात्र स्वतःहून केला आहे, तो करमणुकीच्या ठिकाणच्या प्रवेशाचा. नाटकाचे तिकीट तुम्ही मित्राला देऊ शकता, कार्यालयाचा परवाना आपल्याच कंपनीलाही देऊ शकत नाही. आणि कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. तिचे सगळे शेअर तुमच्याकडे असले तरी ती तुम्ही नव्हे.

थोड्या कार्यालयांचा करार खऱ्या अर्थाने भाडेपट्ट्याचा, म्हणजे लीजचा असतो. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेपट्टाधारकाला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो, पण करारात मनाई नसेल तरच, आणि तसे केल्यावरही मूळ धारक जबाबदारीतून आपोआप सुटत नाही. शिवाय महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याचा अंकुश असतो. म्हणून आपल्या करारावर नेमके काय लिहिले आहे ते पत्राला हात घालण्यापूर्वी वाचायला हवे. शीर्षकावर न थांबता आतली कलमे वाचावीत. 'परवानाधारकाने जागा अन्य कोणासही वापरू देऊ नये' हे कलम जवळपास प्रत्येक छापील नमुन्यात असते. संचालकाच्या नावावरच्या जागेत कंपनीचे काम चालू असेल, तर या कलमाचा भंग आधीच झालेला असू शकतो.

एक उदाहरण घेऊन सगळे पुढे नेऊ. समजा, कोथरूडमध्ये एक कार्यालय आहे. करार १ जून २०२४ पासून ३६ महिन्यांचा. भाडे महिन्याला साठ हजार, मुदतभर तेवढेच. डिपॉझिट तीन लाख साठ हजार. लॉक-इन अठरा महिन्यांचे, म्हणजे तोवर कोणालाही करार मोडता येणार नाही. परवानाधारक म्हणून एका तरुण इंजिनिअरचे नाव आहे. त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने मिळून ऑगस्ट २०२४ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. दोघे संचालक झाले. भाडे अजूनही त्याच्याच खात्यातून जाते आणि कंपनी ते त्याला परत करते. मालकांचे असे तीन गाळे आहेत, भाड्याचे उत्पन्न वर्षाला वीस लाखांच्या वर जाते, त्यामुळे त्यांची जीएसटी नोंदणी आहे.

मालक दर महिन्याला साठ हजारांवर अठरा टक्के, म्हणजे दहा हजार आठशे रुपये जीएसटी लावतात. बिल इंजिनिअरच्या नावाने निघते, कारण करार त्याच्याशी आहे. कंपनी त्याला सत्तर हजार आठशे परत करते खरी, पण त्यातल्या जीएसटीचे क्रेडिट तिला घेता येत नाही. बिलावर ना तिचे नाव, ना तिचा क्रमांक. वर्षाला हे एक लाख एकोणतीस हजार सहाशे रुपये होतात. स्वतःच्या ग्राहकांकडून जीएसटी गोळा करून भरणाऱ्या कंपनीचे हे पैसे निव्वळ कागद चुकीच्या नावावर असल्यामुळे जातात. मागच्या तारखेने करार करूनही ते परत मिळत नाहीत, आणि तसा करार मागूही नये. कागदावर मागची तारीख घालणे हा वेगळाच गुन्हा ओढवून घेणे आहे.

पैशांपेक्षा मोठी जोखीम माणसांची आहे. उद्या इंजिनिअर आणि त्याची मैत्रीण यांचे पटले नाही आणि तो बाहेर पडला, तर जागेचा परवानाधारक तोच असतो. लॉक-इन संपल्यावर तो नोटीस देऊन करार संपवू शकतो, डिपॉझिट आपल्या खात्यात परत मागू शकतो, आणि कंपनीला त्या जागेत बसण्याचा स्वतःचा असा कोणताही हक्क राहत नाही. सर्व्हर, फर्निचर, कामाची माणसे सगळे कंपनीचे, दार मात्र त्याचे. तो अचानक गेला तर वारसांशी हाच प्रश्न अधिक दुःखद रीतीने उभा राहतो. असे होणार नाही असा भरवसा दोघांनाही असतो, आणि म्हणूनच हा कागद मैत्री घट्ट असतानाच बदलून घ्यावा असे माझे ठाम मत आहे. तेव्हा संचालकाची सही एका चहाच्या वेळेत मिळते. भांडण झाल्यावर त्याच सहीची किंमत सांगितली जाते.

आता पत्र. पहिला प्रश्न सहीचा. करार ज्याच्या नावावर आहे त्यानेच कंपनीतर्फेही सही केली, तर तो दोन्ही बाजूंनी एकटाच बोलतो आहे असे दिसते. म्हणून संचालक मंडळाची बैठक घ्यावी. त्याने या व्यवहारातला आपला संबंध बैठकीत सांगावा, आणि जागा कंपनीच्या नावे घेण्याचा, दुसऱ्या संचालकाला सहीचे अधिकार देण्याचा ठराव करावा. पत्रावर कंपनीतर्फे मैत्रिणीची सही, आणि खाली 'या विनंतीला माझी पूर्ण संमती आहे' अशी इंजिनिअरची वेगळी सही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावे. कंपनी कायद्याप्रमाणे त्या लेटरहेडवर कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल असावेच लागतात. नोंदणी प्रमाणपत्रात आहे तसेच नाव लिहावे. 'प्रायव्हेट लिमिटेड' गाळून टाकलेले नाव नव्या करारात शिरले की ते पुढे बँकेत आणि जीएसटीत अडते.

मुख्य परिच्छेद साधारण असा लिहिता येईल:

'आपल्या मालकीच्या वरील जागेचा १ जून २०२४ पासून ३६ महिन्यांचा नोंदणीकृत करार आपण आणि आमचे संचालक यांच्यात झालेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आमची कंपनी नोंदली गेली असून, आपल्याला कल्पना आहे त्याप्रमाणे, तिचे काम या जागेतून चालते. हा करार तिघांच्या संमतीने ३१ मे २०२५ रोजी संपवावा आणि १ जून २०२५ पासून उरलेल्या २४ महिन्यांसाठी, त्याच भाड्याने व त्याच अटींवर, कंपनीशी नवा करार करावा, अशी विनंती आहे. लॉक-इनची मुदत मूळ कराराच्या तारखेपासूनच मोजावी.'

यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते पाहू. 'नाव बदलावे' असे न म्हणता जुना संपवण्याची आणि नवा करण्याची तारीख दिली आहे, त्यामुळे मध्ये एक दिवसही मोकळा राहत नाही आणि दोन करार एकमेकांवर चढतही नाहीत. 'उरलेल्या २४ महिन्यांसाठी' हे लिहिले नाही, तर एजंट सवयीने पुन्हा ३६ महिने टाकतो, भाडेवाढीची बोलणी सुरू होतात, आणि लॉक-इन पहिल्या दिवसापासून पुन्हा लागते. 'आपल्याला कल्पना आहे त्याप्रमाणे' हे शब्द मात्र खरे असतील तरच लिहावेत. मालक येऊन गेले असतील, त्यांनी पाटी पाहिली असेल, तर कंपनीचा वापर लपून झालेला नाही हे त्यातून नोंदले जाते. त्यांना ठाऊक नसेल तर आधी भेटून सांगावे आणि मग पत्र द्यावे. ज्या पत्रातून मालकाला प्रथमच कळते की आपल्या जागेत दुसरेच कोणी बसले आहे, ते पत्र विनंतीचे उरत नाही; अटभंगाचा लेखी पुरावा होते.

डिपॉझिटला स्वतंत्र परिच्छेद हवा. तीन लाख साठ हजारांची पावती इंजिनिअरच्या नावाची आहे. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे मालकांनी ती रक्कम त्याला परत करावी आणि कंपनीने तेवढीच नव्याने भरावी. पण मालकांकडे पैसे मोकळे नसतात, आणि आधी परत करा म्हटले की ते बिचकतात. दुसरा मार्ग असा, की रक्कम मालकांकडेच राहील, १ जूनपासून ती कंपनीची अनामत मानली जाईल, इंजिनिअरचा तिच्यावर मालकांविरुद्ध कोणताही दावा उरणार नाही, आणि कंपनी त्याला तेवढी रक्कम देणे लागेल, असे तिघांनी सह्या करून लिहायचे. कंपनीने लगेच पैसे दिले तर प्रश्न मिटला. दिले नाहीत तर ते संचालकाचे कंपनीला दिलेले कर्ज ठरते. तसे चालते, पण ही रक्कम आपण स्वतः उधार घेऊन दिलेली नाही असे त्याने लिहून द्यावे लागते. हे लिहून ठेवले नाही तर दोन वर्षांनी जागा सोडताना मालकांनी चेक कोणाच्या नावाने काढायचा यावरून वाद होतो, आणि त्यात मालकांची काहीच चूक नसते.

टीडीएसची गोष्ट पत्रात लिहावी असे फार थोड्यांना सुचते, आणि नवा करार झाल्यावर पहिला फोन त्यावरूनच येतो. इंजिनिअर व्यक्ती म्हणून भाडे देत होता, त्याच्या हिशेबाला ऑडिट लागत नव्हते, तेव्हा महिन्याचे भाडे पन्नास हजारांच्या वर असल्याने त्याने दोन टक्के कापायचे होते, तेही वर्षातून एकदा. मालकांच्या खात्यात दर महिन्याला पूर्ण सत्तर हजार आठशे यायची सवय झालेली. कंपनीला मात्र महिन्याला पन्नास हजारांवरच्या भाड्यातून दहा टक्के कापावेच लागतात, आणि दर महिन्याला. कापणी मूळ भाड्यावर होते, जीएसटीवर नाही. म्हणजे सहा हजार कापून, दहा हजार आठशे जीएसटी मिळवून, खात्यात चौसष्ट हजार आठशे जमा होतात. मालक विचारतात, "काय हो, भाडं कमी केलंत का?" ते सहा हजार त्यांच्याच नावाने सरकारजमा झालेले असतात, विवरणपत्र भरताना वजा मिळतात, आणि दर तिमाहीला कंपनी त्याचे प्रमाणपत्र देते. हे पत्रातच दोन ओळींत आकड्यांसह सांगावे, आणि सोबत मालकांचा पॅन मागून घ्यावा. तो नसेल तर कपात वीस टक्क्यांवर जाते.

मालकांची जीएसटी नोंदणी नसती तर? १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणीकृत व्यवसायाला कार्यालयाची जागा दिली, तर अठरा टक्के कर भाडेकरूनेच थेट सरकारला भरायचा. तो रोखीने भरावा लागतो, पण पुढे त्याचे क्रेडिट मिळते. अशा मालकाला पत्रात एवढे स्पष्ट लिहून द्यावे की तुम्हाला नोंदणी करायची गरज नाही, कराचा भार तुमच्यावर येत नाही. अनेक ज्येष्ठ मालक 'कंपनी' शब्द ऐकूनच नाही म्हणतात. त्यामागे ही जीएसटीची धास्ती असते.

पण त्यांची दुसरी धास्ती खरी आहे, आणि तिला उत्तर देणे हे पत्राचे सर्वांत अवघड काम. आजवर भाडे थकले तर मालक एका माणसाला धरू शकत होते. त्याचा पगार, त्याचे घर, त्याची अब्रू जामिनासारखी उभी होती. कंपनी आली की जबाबदारी कंपनीच्या मालमत्तेपुरती. भरणा झालेले भांडवल एक लाख असेल, तर दोन महिन्यांच्या भाड्यालाही ते पुरत नाही. मालकांनी संचालकाची वैयक्तिक हमी मागितली तर त्यात गैर काही नाही. मला वाटते, कंपनीनेच पत्रात एक मर्यादित हमी देऊ करावी: सहा महिन्यांच्या भाड्यापर्यंत, फक्त या कराराच्या मुदतीपुरती, आणि ती एकट्याने न देता दोन्ही संचालकांनी मिळून. मर्यादा न घालता 'सर्व रकमांसाठी' दिलेली हमी म्हणजे जुनीच परिस्थिती दुसऱ्या दाराने आणणे. डिपॉझिट भाड्याच्या सहापट असेल, जसे या उदाहरणात आहे, तर हमीची गरज आहे का असे नम्रपणे विचारताही येते.

खर्च कोण करणार हेही लिहावे; विनंती कंपनीची, तेव्हा खर्च कंपनीचा. तो मोठा नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने काल्पनिक व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. आपल्या उदाहरणात चोवीस महिन्यांचे भाडे चौदा लाख चाळीस हजार, डिपॉझिटवरचे दोन वर्षांचे व्याज बहात्तर हजार, बेरीज पंधरा लाख बारा हजार, त्याचा पाव टक्का तीन हजार सातशे ऐंशी रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंटची फी वेगळी. एका महिन्याच्या जीएसटी क्रेडिटमध्ये हा खर्च जवळपास निघून येतो.

'नवीन नोंदणी कशाला, पाचशेच्या स्टॅम्पवर पुरवणी लिहून देतो' असे एजंट सुचवतात. ते घेऊ नये. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर जागा वापरणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, शिवाय मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हे मालकांना समजावले तर नोंदणीचा आग्रह त्यांचाच होतो. जुना करारही नोंदलेला आहे, तेव्हा तो संपवल्याचा लेखही नोंदवलेला बरा. नाहीतर त्याच मुदतीसाठी त्याच जागेचे दोन दस्त सरकारी नोंदीत दिसत राहतात.

पत्राला जोडायचे कागद थोडे आहेत: कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन, ठरावाची प्रमाणित प्रत, आणि नव्या कराराचा मसुदा. मसुदा आपणच जोडावा. त्यात जुन्या कराराच्या तुलनेत काय बदलले आहे ते ठळक करून दाखवावे, म्हणजे मालकांना सगळी पाने पुन्हा वाचायला लागत नाहीत आणि संशय राहत नाही. उत्तरासाठी पंधरा दिवस मागावेत. जूनच्या पहिल्या तारखेला करार हवा असेल तर पत्र एप्रिलच्या मध्यावर गेले पाहिजे.

करार झाल्यावर जूनचे बिल कंपनीच्या नावाने आणि तिच्या जीएसटी क्रमांकासह आले आहे का, हे पहिल्याच महिन्यात तपासावे. मालकांचा हिशेबनीस जुन्याच साच्यातून बिल काढतो, आणि दोन-तीन बिले इंजिनिअरच्या नावाने गेली की सारी खटपट त्या महिन्यांपुरती वाया जाते. भाडे कंपनीच्या खात्यातूनच जावे. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय हेच असेल तर पत्ता बदलत नाही, त्यामुळे कंपनी निबंधकाकडे पत्ताबदलाचा अर्ज करावा लागत नाही. नवा करार मात्र फाईलमध्ये आणि जीएसटी नोंदणीच्या कागदांत ठेवावा.

आणि मालक नाहीच म्हणाले तर? तसा त्यांना अधिकार आहे. परवाना कोणाला द्यायचा हे तेच ठरवतात. अशा वेळी पत्राचा दुसरा, छोटा भाग उपयोगी पडतो: करार राहू द्या, पण कंपनीला ही जागा कामासाठी आणि नोंदणीकृत पत्त्यासाठी वापरायला तुमची हरकत नाही, असे लेखी द्या. त्याने जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही आणि डिपॉझिट इंजिनिअरचेच राहते, पण अटभंगाची टांगती तलवार दूर होते. त्याच दिवशी कंपनी आणि इंजिनिअर यांनी आपसांत लिहून ठेवावे, की करार त्याच्या नावावर असला तरी तो कंपनीला न विचारता संपवणार नाही, आणि कंपनी त्याला भाडे वेळेवर परत करील. मे २०२७ मध्ये मुदत संपेल तेव्हा पुढचा करार पहिल्या ओळीपासून कंपनीच्या नावाने करता येईल.